मघाशी सांगितलं तसं

जीनत शिकलगारच्या लिखाणात 'मघाशी' हा शब्द फार यायचा. मघाशी आपण पाहिलं. मघाशी सांगितलं तसं. मघाच्या चित्रातली ती बारीक नळी आठवते ना? सांगलीत विश्रामबागेत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर वरदचा स्टुडिओ होता. तिथं ती माहितीच्या फिल्मांची स्क्रिप्ट लिहायची, आणि बहुतेक फिल्मांना आवाजही तिचाच असायचा. द्राक्षबागेतली फवारणी, कुपवाडच्या कारखान्यातल्या प्रेसवर हात कसा सांभाळायचा, बचत गटाची बैठक कशी घ्यायची. विषय कुठलाही असो, तिचं वाक्य मागच्या वाक्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायचं. मधूनच उठून गेलेल्या माणसाला परत आल्यावर काही कळत नसे, आणि याचा तिला थोडा गर्वच होता.

ही खोड तिनं आष्ट्याहून आणली होती. तिचे वडील बादशहाभाई सायकलीला धार लावायचा दगड बसवून गावोगाव फिरायचे. सायकल स्टँडवर उभी करायची, वर बसून पायडल मारायचं, पट्ट्यानं दगड फिरायला लागला की विळा त्यावर टेकवायचा. लहानपणी ती शेजारी उकिडवी बसून ठिणग्या बघायची. "पातं टेकलं की मधी उचलायचं न्हाई," ते सांगायचे. "मुठीपासनं टोकापतुर एका दमात. मधी उचललं की तितं धार तुटती. डोळ्याला दिसत न्हाई. पर ऊस तोडणाऱ्याच्या हाताला कळतं."

ती शिकली, सांगलीला आली, लग्न होऊन इथंच राहिली. नवरा रिजवान कुपवाडला एका फाउंड्रीत होता. आधी तिनं रेडिओसाठी चार-दोन श्रुतिका लिहिल्या, मग वरदच्या स्टुडिओत कायमची झाली. तिच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान असलेला हा मालक तिला ताई म्हणायचा आणि तिच्यावर ओरडताना खुर्चीतून उठून उभा राहायचा.

किडनीची फिल्म तिनं दोन वर्षांपूर्वी लिहिली, एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रासाठी. ज्यांना नुकतंच कळलंय की आपली किडनी निकामी होत चालली आहे, अशा माणसांना दर शनिवारी हॉलमध्ये बसवून ती दाखवत. पंचवीस मिनिटं. किडनी काय करते, ती का बिघडते, जेवण कसं बदलायचं, डायलिसिस म्हणजे काय, दुसऱ्याची किडनी बसवणं म्हणजे काय. एकामागून एक. शेवटी दिवे लागले की बायका डोळे पुसत बाहेर यायच्या आणि पुरुष नळावर जाऊन तोंड धुवायचे. ती लिहिताना तिच्या घरात कुणाला हा आजार नव्हता. बादशहाभाईंना साखर होती, एवढंच.

मग त्यांची साखर किडनीत उतरली. थंडीत त्यांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा आष्ट्याहून येणं झेपेना, म्हणून ते आणि जीनतची आई अख्तरबी लेकीच्या दोन खोल्यांत राहायला आले. धारेची सायकल आष्ट्यालाच राहिली. "पुतण्याला दिली का?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "दिली न्हाई. ठिवलीया."

त्याच सुमाराला केंद्रानं नवी मागणी केली. फिल्म आता हॉलमध्ये दाखवायची नव्हती. डायलिसिसच्या प्रत्येक खुर्चीशेजारी आणि बाहेर बाकड्यांपाशी टॅब बसवायचे होते. ज्याला जे बघायचं त्यानं ते बोटानं निवडावं.

"ताई, तुमची फिल्म म्हणजे एसटी आहे," वरद फळ्यावर चौकोन काढत म्हणाला. "एकदा चढलं की शेवटच्या स्टॉपलाच उतरायचं. मधी कुणाला लघवी लागली तरी नाही."

"आणि तुझी?"

"रिक्षा. म्हणाल तिथं."

"सांगलीतला रिक्षावाला आधी विचारतो, कुठं जायचं, कितीजण आहात, सामान आहे का. तुझी काय विचारणार?"

"बटण दाबा, एवढंच." तो हसला. "बसा, तोडायला घेऊ."

तोडणं हाच शब्द त्यानं वापरला, आणि काम तसंच होतं. फळ्याच्या मधोमध एक मोठा चौकोन: मुख्य पान. त्यावर पाच बटणं, पाच विषय. प्रत्येक बटणातून एक बाण निघून त्या विषयाच्या तुकड्याकडं जायचा. तुकडा संपला की पडद्यावर तीन पर्याय यायचे: याच विषयातलं आणखी, दुसरा विषय, मुख्य पान. बघून झालेल्या विषयापुढं हिरवी खूण. वीस सेकंद कुणी काहीच दाबलं नाही तर पडदा आपोआप मुख्य पानावर परत. कुठल्याही चौकोनात माणूस अडकून पडता कामा नये, आणि कुठलाही चौकोन असा नको की तिथं जायला वाटच नाही. पाच विषय कुठल्याही क्रमानं बघायचे म्हटले तर शे-सव्वाशे वाटा होत होत्या. जीनतला फळ्याकडं बघून आष्ट्याच्या शिवारातल्या एकमेकींना कापत जाणाऱ्या पायवाटा आठवल्या. तिथं निदान प्रत्येक वाटेवर कुणीतरी दिसायचं.

आवाजाचंही नवं गणित होतं. तिची सवय अशी की विषय संपताना आवाज खाली उतरायचा आणि पुढच्या विषयाला हळूहळू चढायचा. आता पुढं काय येणार हे तिलाच माहीत नव्हतं. म्हणून प्रत्येक तुकडा एकाच पट्टीत सुरू करायचा, त्याच पट्टीत संपवायचा. मागचं संगीत एका तुकड्यातून दुसऱ्यात वाहू द्यायचं नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीत काचेपलीकडून वरद अंगठा खाली करून सांगायचा, शेवट पडू देऊ नका. तिला वाटायचं, आपण दार उघडं ठेवून बोलतोय.

आणि मुख्य म्हणजे मघाशी हा शब्द गेला. ज्यानं आधीचं बघितलंच नाही त्याला मघाशी कसं म्हणायचं? प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा पाहिजे. तिनं कॉम्प्युटरवर तो शब्द शोधायला लावला आणि एकेक वाक्य हातावेगळं करत गेली. काही ठिकाणी शब्द काढून भागलं. काही ठिकाणी मागची गोष्ट पुन्हा थोडक्यात सांगावी लागली. काही वाक्यं मागच्या विषयाला इतकी चिकटलेली होती, की ती उचलून टाकून त्या जागी साधं, सरळ, कुणालाही चालेल असं वाक्य घातलं. वरद म्हणाला, "बघा, स्क्रिप्ट किती हलकी झाली." ती म्हणाली, "झाडाची पानं काढली की झाड हलकंच होतं." पण मनातून तिलाही पटत होतं. आजारी माणसाला पंचवीस मिनिटं बांधून का ठेवायचं?

प्रत्येक तुकडा केंद्राकडं गेला. डॉक्टरांनी डॉक्टरांचे बघितले. जेवणाचा तुकडा आहारतज्ज्ञ विनोदिनी मॅडमनी बघितला आणि बरोबर आहे म्हणून कळवलं. तो बरोबरच होता. मग वरद आणि जीनतनं टॅब घेऊन सगळ्या वाटा तपासल्या. बटण चालतं का, परत येता येतं का, हिरवी खूण पडते का. या वाटेनं कोण चालणार आहे, हे त्या दिवशी दोघांपैकी कुणी विचारलं नाही.

बादशहाभाईंना टॅबचं अप्रूप फार. सुई टोचून मशीन सुरू झालं की चार तास डावा हात हलवायचा नाही. उजव्या हाताचं बोट मोकळं. पहिल्याच दिवशी त्यांनी आवाज ओळखला आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बिराप्पांना हाक मारली. बिराप्पा जतकडचे, मेंढरं राखलेला माणूस.

"आवं, ह्यो आवाज कुणाचा हाय सांगा बरं."

"बाईचा."

"बाईचा त्यो मला बी कळतुया. माझ्या लेकीचा हाय. जीनतचा."

"मग घरात कमी बोलती का, हितं बी ऐकाय लागलाय?"

सगळा वॉर्ड हसला. नर्ससुद्धा.

ते काय बघायचे? किडनी का बिघडते, हे बटण त्यांनी एकदा दाबलं आणि साखरेचं नाव निघताच मुख्य पानावर परत आले. दुसऱ्याची किडनी बसवणं हे बटण कधीच दाबलं नाही. त्यात कुणीतरी आपली किडनी देतं हे त्यांनी ऐकलं होतं, आणि देणार कोण या विचारात त्यांना जायचं नव्हतं. डायलिसिस तर ते अंगावरच घेत होते, ते पडद्यावर कशाला बघायचं? राहिलं जेवण. ते बटण त्यांनी पुन्हा पुन्हा दाबलं. त्यात ताटाचं चित्र होतं, पाट्यावर वाटलेली चटणी होती, ज्वारीची भाकरी होती, आणि लेक प्रेमानं सांगत होती, हे कमी, हे बंद, हे चालेल.

वरदला महिन्याच्या शेवटी आकडे दिसायचे. कुठलं बटण किती वेळा दाबलं गेलं ते. "जेवण एक नंबर!" तो खुश होऊन म्हणाला. "बाकी चार मिळून एवढे नाहीत. लोकांना बरोबर कळतं, त्यांना काय पाहिजे."

बकरी ईदला घरात मटण शिजलं. रिजवानची भावंडं आली होती, अख्तरबीनं बाजूला एका लहान पातेल्यात मिठाशिवायचं वेगळं काढलं होतं, नवऱ्यासाठी. बादशहाभाईंनी ताटातले तुकडे उचलून नातवाच्या ताटात टाकले आणि भाकरी नुसत्या दुधीच्या भाजीशी खाल्ली.

"ईद हाय आज," अख्तरबी म्हणाली. "येक तरी खावा."

"पथ्य हाय माझं."

जीनत वाढत होती. पथ्य म्हणजे पाणी, मीठ, असंच तिच्या मनात आलं. गेल्या महिन्यात ते चोरून चहा प्यायले होते, त्यावरून भांडण झालं होतं. तिला बरं वाटलं.

"शहाणे झालात अब्बा," ती म्हणाली.

ते ओशाळून हसले. शाबासकी मिळालेल्या पोरासारखे. ते हसू नंतर तिच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

त्या महिन्यात त्यांच्या पायांवर सूज राहायला लागली. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लागले. दंड सैल पडले. पायडल मारून कमावलेल्या पोटऱ्या सुजेखाली दिसेनाशा झाल्या. वजन मात्र काट्यावर तेवढंच भरायचं, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. आजारच तसला, असं सगळे म्हणायचे. अख्तरबी म्हणायची, वय झालं.  जीनत दुसऱ्या एका फिल्मचे तुकडे करत होती.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा विनोदिनी मॅडमनी बाप-लेकीला आत बोलावलं. मॅडम वाईच्या, बोलणं स्वच्छ, चेहरा थकलेला. रिपोर्टवर प्रथिनांच्या आकड्याखाली त्यांनी पेननं रेघ मारली.

"शिकलगार काका, अंडं खाता का रोज? मी सांगितलं होतं, पांढरा भाग, दोन."

"न्हाई."

"का? नको वाटतं?"

"आवडतं की."

"डाळ?"

"चमचाभर. ती बी आठवड्यातनं दोनदा."

"मटण, मासे, चिकन?"

"सोडलं." ते ताठ बसले होते. परीक्षा चांगली चाललीय असं त्यांना वाटत होतं. "समदं सोडलं बघा. मन मारलं."

विनोदिनी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं सोडायला?"

बादशहाभाईंनी लेकीकडं मान वळवली. मोठ्या कौतुकानं. "हिनं."

जीनतला आधी अर्थच लागला नाही. "मी कवा सांगितलं अब्बा?"

"दर खेपेला सांगतीस की. टॅबावर." आणि त्यांनी तिच्याच चालीत, तिच्याच थांब्यांसह म्हणून दाखवलं, "डाळी, अंडी, मांस यांचं प्रमाण कमी ठेवा. किडनीवरचा भार तेवढाच हलका होईल." त्यांना तोंडपाठ होतं.

खोलीत पंखा फिरत होता. जीनतला स्वतःचं जुनं वाक्य आठवलं. डायलिसिसच्या भागातलं, पंचवीस मिनिटांच्या त्या फिल्ममधलं. 'मघाशी जे जे कमी करायला सांगितलं, त्यातली अंडी आणि डाळ आता परत ताटात येऊ द्या. कारण मशीन रक्त धुताना घाणीबरोबर अंगातली ताकदही थोडी धुऊन नेतं.' हॉलमध्ये ते सगळ्यांच्या कानावर पडायचं, कारण उठून जायला वाट नव्हती. तोडताना तिला ते वाक्य मघाशीला लोंबकळताना सापडलं होतं. ते काढून त्या जागी तिनं लिहिलं होतं: डायलिसिस सुरू झाल्यावर आहार बदलतो, तज्ज्ञांना विचारा. खोटं नव्हतं. कुणालाही चालेल असं होतं. आणि तेही डायलिसिसच्या तुकड्यात होतं, जो अब्बांनी कधी उघडलाच नव्हता.

"ज्यांचं मशीन सुरू नाही त्यांच्यासाठी ते आहे काका," मॅडम सावकाश सांगत होत्या. "तुमचं उलटं. तुम्हाला जास्त लागतं. तुमच्या अंगावरचं मांस गेलं आणि त्या जागी पाणी आलं. काट्याला दोन्ही सारखंच." मग जीनतकडं बघून, हलक्या आवाजात, "तो तुकडा मीच बरोबर म्हणून पाठवला. मला वाटलं, हा बाहेरच्या बाकड्यांसाठी आहे."

"पण तुमी सांगितलं हुतं ना त्यांना, अंडं खा म्हणून," जीनत म्हणाली. इथं, वडिलांशेजारी बसली की तिची भाषा आष्ट्याची व्हायची.

"सांगितलं होतं. महिन्यातून एकदा, दोन मिनिटं. तुम्ही त्यांना दर खेपेला सांगत होता."

 रिक्षात बसल्यावर बादशहाभाई म्हणाले, "मग ते खोटं हुतं व्हय?"

"खोटं न्हवतं अब्बा. तुमच्यासाठी न्हवतं."

"मग माझ्या खुर्चीपाशी कशाला लावलं?"

 वडिलांना घरी सोडून, तीच रिक्षा घेऊन ती स्टुडिओत गेली.

वरद उठून उभा राहिला नाही. ऐकून घेतलं, आणि मग केस मागं सारत म्हणाला, "एक पट्टी टाकू खाली. 'डायलिसिस सुरू असल्यास वेगळा आहार.' दहा मिनिटांचं काम."

"बिराप्पांना वाचता येत नाही. अब्बा चष्मा घरी विसरतात."

"मग नवा तुकडा करू. पुढच्या आठवड्यात. मीच विनोदिनी मॅडमशी बोलतो. ताई, आत्ता बंद केलं तर ते विचारणार का बंद केलं. बाकी कुणाची तक्रार आलीय?"

"तक्रार कोण करणार? माझ्या घरातून आली नाही. मी शाबासकी दिली त्यांना."

"सगळे काही तुमच्या अब्बांसारखं तोंडपाठ करत नसतील."

"जेवण एक नंबर," ती म्हणाली. "तूच आकडे दाखवलेस. त्यातले किती खुर्चीवरचे होते, ते दाखव."

वरदनं आकडे उघडले. आतल्या आणि बाहेरच्या टॅबचे आकडे वेगवेगळे मिळत होते. आतापर्यंत त्यानं ते एकत्रच बघितले होते. बघून झाल्यावर त्यानं पडदा तिच्याकडं वळवला नाही, आणि तिनं मागितला नाही. त्यानं फोन उचलून विनोदिनी मॅडमना लावला. मग तिथूनच जेवणाचं बटण सगळ्या टॅबवरून काढलं. मुख्य पानावर चार बटणं उरली आणि पाचव्या जागी नुसता पांढरा चौकोन.

मग दोघं फळ्यापाशी उभे राहिले. जुना नकाशा कोपऱ्यात अजून होता. जेवणाच्या चौकोनाकडं जाणाऱ्या बाणावर जीनतनं हात ठेवला. "इथं आधी विचारायला पाहिजे. तुमचं डायलिसिस सुरू आहे का? हो म्हणाला तर एक तुकडा, नाही म्हणाला तर दुसरा. आणि माहीत नाही म्हणाला तर दोन्ही नाहीत. नर्सला बोलवा, एवढंच."

"आणि काहीच दाबलं नाही तर? वीस सेकंदांनी कुठं न्यायचं?"

"कुठंच नाही. वाट बघायची."

"पडदा तिथंच थांबेल ताई. लोकांना वाटेल बिघडलाय."

"थांबू दे."

वरदनं मान हलवली आणि चौकोन काढला. "उत्तर लक्षात ठेवता येईल. मग त्याच बसण्यात पुन्हा विचारणार नाही. पण माणूस उठला की पुसावंच लागेल. टॅब एक, माणसं वेगळी. मागच्याचं 'नाही' पुढच्याला लागलं तर पुन्हा तेच."

"पुस," ती म्हणाली.

या वेळी त्यांनी वाटा तपासल्या नाहीत, माणसं तपासली. अब्बा आहेत, चष्मा नाही, फक्त जेवण बघणार. बिराप्पा आहेत, वाचता येत नाही, शेजाऱ्याचं बघून तेच बटण दाबणार. नवीन आलेली बाई आहे, सासरे शेजारी बसलेत, ती त्यांच्या आधी बोट लावणार नाही. प्रत्येकाला हाताला धरून नकाशावरून नेलं. तीन ठिकाणी आणखी भोकं सापडली. विनोदिनी मॅडम स्वतः येऊन बसल्या आणि तुकडे नव्हे, सबंध वाटा ऐकल्या.

रेकॉर्डिंगच्या खोलीत जीनतनं तो प्रश्न वाचला. तुमचं डायलिसिस सुरू आहे का? पहिल्यांदा फार मऊ झाला. दुसऱ्यांदा पोलिसासारखा. वरदनं काचेपलीकडून मान हलवली. शेवटी जो ठेवला तो कुणाचाच नव्हता, बँकेत विचारतात तसा.

टॅबवरचं जेवणाचं बटण परत सुरू झालं त्या दिवशी ती वडिलांबरोबर गेली. डब्यात अख्तरबीनं उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग दिला होता. आदल्या आठवड्यात ते खात होते, पण संशयानं, वास घेऊन. "आज खा म्हनतीस, उद्या नको म्हनशील," असं एकदा बोलून गेले होते. मॅडमनी सांगितलं होतं, गेलेलं लगेच परत येत नाही. या वयात सगळं येईलच असंही नाही. पायांवर सूज होती. त्यांच्या चपलेचा पट्टा सैल करून बसवलेला होता.

मशीन सुरू झालं. नळ्यांतून रक्त फिरायला लागलं. त्यांनी सवयीनं उजवं बोट पुढं केलं आणि जेवणाचं बटण दाबलं. ताट आलं नाही. निळा पडदा आला, आणि लेकीचा आवाज.

"तुमचं डायलिसिस सुरू आहे का?"

बोट हवेत थांबलं. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग शेजारी स्टुलावर बसलेल्या जीनतकडं.

"हे तू मला इचारतीयास?"

"सगळ्यांनाच इचारतंय अब्बा ते."

"तुला ठावं न्हाई व्हय?"

पलीकडून बिराप्पा म्हणाले, "दाबा की व्हय म्हणून. मशिनीत रगात फिरतंय आन् कसला इचार करताय?"

त्यांनी 'हो' दाबलं. ताट आलं. अंडं आलं, डाळ आली. ते नीट ऐकत होते, ओठ हलत होते; पाठ करत होते बहुतेक. तुकडा संपला. जीनतनं डबा उघडून पुढं केला, त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि हळूहळू चावली.

"पुन्यांदा आलो की लक्षात ऱ्हाईल ना त्याला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. परत इचारणार. तुमी उठला की पुसतं ते."

"दर टायमाला?"

"दर टायमाला."

त्यांनी दुसरी फोड उचलली आणि परत डब्यात ठेवली. चार तासांनी सुई निघाली, पट्टी बांधली, जाताना त्यांनी ती फोड हातात घेतली, आणि जीनत त्यांना धरून दारापर्यंत आली तेव्हा मागं नर्स चादर बदलत होती. पुढचा माणूस अजून आला नव्हता. चादर झटकताना नर्सचा हात जेवणाच्या बटणाला लागला असावा. मोकळ्या खुर्चीशेजारी निळा पडदा उजळला आणि जीनतनं स्वतःचा आवाज ऐकला, तोच प्रश्न, त्याच पट्टीत. मग पडदा तसाच उभा राहिला. तिथून तो आपोआप पुढं जाणार नव्हता.

बादशहाभाईही थांबले होते. वळून, त्या खुर्चीकडं बघत ते हळूच म्हणाले, "व्हय."

हातातली फोड त्यांनी अजून खाल्लेली नव्हती.